मुराबहाची फाइल देण्याआधी: बिल कोणाच्या नावावर, कोणत्या तारखेचं?

(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

मुराबहा म्हणजे व्याजाला मनाई असलेल्या इस्लामी बँकिंगमधली उधारीची विक्री. तिच्या कागदपत्रांसाठी आमच्याकडे येणारे ग्राहक दोनच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. एक, "शेवटी हे व्याजच ना, नाव तेवढं वेगळं?" आणि दुसरा, "पुरवठादाराला अॅडव्हान्स देऊन टाकलाय, आता बँकेचे पैसे कधी सुटतील?" गंमत अशी की दुसरा प्रश्न विचारणाऱ्याने पहिल्याचं उत्तर स्वतःच "हो" करून ठेवलेलं असतं. कसं, ते या पत्रकात सांगितलं आहे. फाइल परत गेली की वेळ तुमचाही जातो आणि आमचाही, म्हणून एकदा शेवटपर्यंत वाचा.

मुराबहात बँक पैसे देत नाही, माल विकते. एक छपाईचं यंत्र घ्यायचं आहे असं धरू. किंमत 10,00,000, चलन कोणतंही असो. वाहतूक आणि वाटेतला विमा मिळून 20,000. बँक हे यंत्र स्वतः विकत घेते, तुम्हाला आपली खरेदी 10,20,000 ला पडली हे उघड सांगते, त्यावर 1,80,000 नफा लावते आणि 12,00,000 ला तुम्हाला उधारीवर विकते. 50,000 चे 24 हप्ते. खरेदीची किंमत आणि नफा दोन्ही गिऱ्हाइकाला सांगून केलेली विक्री, हीच मुराबहाची जुनी ओळख. रोखीपेक्षा उधारीचा भाव जास्त ठेवायला बहुसंख्य फकीहांची, म्हणजे इस्लामी कायद्याच्या जाणकारांची, हरकत नाही, मात्र सौद्याच्या वेळी एकच भाव पक्का झाला पाहिजे. तो एकदा ठरला की वाढत नाही. हप्ता थकला म्हणून 12,00,000 चे 12,10,000 होत नाहीत. उशिराबद्दल दंड लावला जातो, पण तो बँकेच्या नफ्यात न धरता दानधर्माच्या खात्यात जायला हवा.

आता क्रम पाहा. आधी तुम्ही बँकेला लिहून देता की अमुक यंत्र तुम्ही घेतलंत तर मी ते तुमच्याकडून विकत घेईन. हे फक्त वचन असतं, विक्री नव्हे. मग बँक पुरवठादाराकडून यंत्र घेते, थेट किंवा एजंटामार्फत. पुष्कळदा एजंट म्हणून तुम्हालाच नेमलं जातं आणि त्याचं वेगळं पत्र होतं. बिल बँकेच्या नावाने फाटतं, पैसे बँकेकडून पुरवठादाराला जातात, माल बँकेच्या ताब्यात येतो. तुम्ही एजंट असाल तर माल मिळाल्याची पोच बँकेला देता. त्यानंतरच, वेगळ्या कागदावर, बँक विकायला तयार असल्याचं लिहिते आणि तुम्ही होकार देता. त्या होकाराच्या क्षणी यंत्र तुमचं होतं आणि 12,00,000 चं देणं सुरू होतं.

बँकेची खरेदी आणि तुमचा होकार यांच्या मधला काळ थोडा असला, तरी सगळा सौदा त्याच्यावर उभा आहे. त्या काळात यंत्र वाटेत जळालं किंवा पडून मोडलं, तर नुकसान बँकेचं. तुम्ही एक पैसाही देणं लागत नाही. हा धोका बँकेने उचलला म्हणून तिचा नफा हा व्यापाऱ्याचा नफा ठरतो. धोका नसेल तर उरतं ते एवढंच: आज 10,20,000 दिले आणि दोन वर्षांत 12,00,000 घेतले. जे आपल्याजवळ नाही ते विकू नये, या अर्थाची हदीस इथे सगळे पक्ष पुढे करतात, आणि बिलाच्या तारखेला इतकं महत्त्व आहे ते त्यामुळेच.

म्हणून अॅडव्हान्सची चूक महागात पडते. भाव वाढेल, दुसरं गिऱ्हाईक नेईल या घाईत ग्राहक पुरवठादाराला पैसे देतो, बिल स्वतःच्या नावावर घेतो, कधी माल उतरवूनही घेतो, आणि मग फाइल आणतो. पण यंत्र तर तुमचं झालं. बँक तुम्हाला तुमचंच यंत्र कसं विकणार? आता तिने पैसे दिले तर ते निव्वळ कर्ज, आणि त्यावरचा नफा म्हणजे व्याज. कागदांची सारवासारव करून हे लपतही नाही. तपासणारा माणूस तीन तारखा शेजारी शेजारी ठेवतो: एजंट नेमल्याचं पत्र, पुरवठादाराचं बिल, आणि तुमचा होकार. बिल पत्राच्या आधीचं असेल किंवा डिलिव्हरी चलनावर माल घेणारे म्हणून तुमची सही होकाराच्या नंतरच्या तारखेची असेल, तर फाइल तिथेच थांबते. सगळे कागद एकाच दिवशी, तारखा कोऱ्या ठेवून सही करून देणारेही असतात. आम्ही असे कागद घेत नाही. त्यावरून आमच्यावर रागावलेले ग्राहक आहेत, पण बँकेच्या शरिया तपासणीत असा सौदा सापडला तर त्याचा नफा बँकेला उत्पन्नातून काढून दान करावा लागतो आणि पुढच्या वेळी तुमची फाइल बारकाईने चाळली जाते.

इलाज आहे का? माल अजून पुरवठादाराकडेच असेल तर आहे. जुना सौदा खरोखर रद्द करायचा, अॅडव्हान्स तुमच्या खात्यात परत यायचा, आणि नवं बिल बँकेच्या नावाने व्हायचं. पुरवठादाराने मनावर घेतलं तरी यात दिवस जातात. कच्चा माल असेल आणि तो वापरून झाला असेल तर मात्र काहीच करता येत नाही, जो माल उरलाच नाही तो विकणार कसा? इसार द्यायचाच असेल तर तो बँकेकडे अनामत म्हणून ठेवा. तुम्ही मागे फिरलात तर बँक त्यातून आपलं झालेलं खरं नुकसान तेवढंच कापू शकते, बाकी रक्कम परत करावी लागते.

हे सगळं नीट केलं तरी टीका थांबत नाही, आणि ती ऐकण्यासारखी आहे. ग्राहकाने आधी मागणी नोंदवायची आणि मग बँकेने घ्यायचं, हा आजचा साचा जॉर्डनचे सामी हमूद यांनी 1976 मध्ये कैरो विद्यापीठाच्या प्रबंधात मांडला. इमाम शाफई यांनी अशा व्यवहाराला मुभा दिली होती, पण माल आल्यावर घ्यायचा की नाही हे ठरवायची मोकळीक दोघांनाही ठेवून. बँकांना ती मोकळीक परवडेना. ग्राहक पळाला तर यंत्र कोणाच्या गळ्यात? 1988 मध्ये इस्लामी देशांच्या परिषदेच्या फिकह अकादमीने, म्हणजे तिच्या धर्मशास्त्र मंडळाने, मधला मार्ग काढला: एका बाजूचं वचन बंधनकारक मानता येईल, दोन्ही बाजूंनी एकमेकांना बांधून घेतलेलं नाही, कारण मग ती मालकी येण्याआधीचीच विक्री झाली. टीकाकार म्हणतात, वचन पक्कं, मालाला विमा, मालकी काही मिनिटांची, आणि एजंट खुद्द ग्राहकच. मग बँकेने नेमका कोणता धोका घेतला? बहरीनच्या आयोफी या मानक ठरवणाऱ्या संस्थेचा नियमही सांगतो की शक्यतो बँकेने स्वतः किंवा तिसऱ्या माणसामार्फत घ्यावं, ग्राहकाला एजंट करणं गरज असेल तेव्हाच. व्यवहारात ही "गरज" रोजचीच झाली आहे, हे आम्हीही पाहतो.

दुसरा आक्षेप नफ्याच्या दराचा. बँका तो व्याजदराकडे बघूनच ठरवतात. पाकिस्तानचे मुफ्ती तकी उस्मानी याबद्दल म्हणतात की दारू विकणाऱ्या भावाइतकाच नफा सरबतवाल्याने ठेवला म्हणून सरबत हराम होत नाही. पण तेच उस्मानी मुराबहाला काठावरचा व्यवहार म्हणतात आणि भागीदारीच्या पद्धती शक्य नसतील तिथेच तो वापरा, असं बजावतात. अर्थतज्ज्ञ महमूद अल-गमाल यांची तक्रार आणखी कडक आहे: परिणाम कर्जाचाच, वर कागदपत्रांचा खर्च मात्र ग्राहकाच्या माथी.

तिसरा आक्षेप सगळ्यात जड, आणि तो आमच्या मते बरोबर आहे. रोख रक्कमच हवी असेल तर काही बँका तुम्हाला धातू उधारीवर विकतात आणि लगेच तुमच्या वतीने तो तिसऱ्याला रोखीने विकून पैसे तुमच्या खात्यात टाकतात. तुम्ही धातू पाहतही नाही. याला संघटित तवर्रुक म्हणतात. फिकह अकादमीने 2009 मध्ये शारजाच्या बैठकीत तो नाजायज ठरवला, तरी काही देशांतली शरिया मंडळं त्याला परवानगी देतात. आम्ही त्याच्या फायली करत नाही. हे धंद्याला परवडतं असं नाही, पण खऱ्या मालाच्या फायलींवर आमचं नाव टिकलं आहे.

"टीका एवढी आहे तर नंतर हे व्याज आहे म्हणून हप्ते नाकारता येतील का?" असंही कोणी कोणी हळूच विचारतं. बहरीनच्या शामिल बँकेविरुद्ध बांगलादेशच्या बेक्सिमको कंपनीने इंग्लंडच्या कोर्टात अगदी हाच मुद्दा मांडला होता. 2004 मध्ये अपील कोर्टाने तो फेटाळला: करार इंग्लंडच्या कायद्याखाली आहे, देणं द्या.

तुलनेबद्दल एक सूचना. वरच्या उदाहरणात 10,20,000 वर दोन वर्षांत 1,80,000, म्हणजे वर्षाला 9 टक्क्यांहूनही कमी, असं सांगितलं जाईल. आकडा खोटा नाही, पण तुम्ही दर महिन्याला 50,000 फेडत असता आणि बँकेची रक्कम कमी कमी होत जाते. घटत्या शिल्लकेवर मोजलं तर हाच सौदा वर्षाला साधारण 16 टक्क्यांचा पडतो. दुसऱ्या बँकेचा दर कोणत्या पद्धतीने काढलाय ते विचारल्याशिवाय दोन आकडे शेजारी ठेवू नका. मुदतीआधी सगळं फेडलं तर सूट किती मिळेल हेही सहीआधी विचारा. पुष्कळ बँका ती करारात लिहून देत नाहीत, त्यांच्या मर्जीवर ठेवतात.

आमच्याकडे येताना पुरवठादाराचं कोटेशन आणा, बिल नको. कोटेशनवर मालाचं वर्णन, मॉडेल आणि भाव किती दिवस टिकेल हे लिहून घ्या, म्हणजे अॅडव्हान्सची घाई उरत नाही. पुरवठादार पैशाशिवाय भाव थांबवायला तयार नसेल तर त्याचा फोन नंबर आणा, बँकेच्या नावाने ऑर्डर कशी घ्यायची ते आम्ही त्याला समजावतो. त्याचे वेगळे पैसे लागत नाहीत.