यादीत असलेलं कऱ्हाड सापडेना तेव्हा

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानासाठी मी हळदीच्या हिशोबपट्ट्या करायचा छोटा प्रोग्रॅम लिहिला. शेतकऱ्याच्या गावाची पहिली दोन-तीन अक्षरं टाइप केली की खाली नावं यावीत, एवढीच दिवाणजींची मागणी होती.

त्यासाठी गावांची यादी मी ‘ट्राय’मध्ये भरली. १९६० साली एडवर्ड फ्रेडकिन यांनी हे नाव दिलेली ही रचना म्हणजे अक्षरांच्या वाटा. कडेगाव आणि कडेपूर ही नावं क, ड आणि मात्रा अशी तीन पावलं एकाच वाटेनं जातात (संगणक मात्रा वेगळी मोजतो). पुढं एक फाटा ‘ग’कडे जातो, दुसरा ‘प’कडे. नाव जिथं पुरं होतं तिथं खूण करायची. दिवाणजींनी ‘कडे’ टाइप केलं की प्रोग्रॅम तीन पावलं चालतो आणि तिथून खाली जेवढ्या खुणा भेटतील तेवढी नावं दाखवतो. यादी पन्नास गावांची असो की पन्नास हजारांची, त्या फाट्यापर्यंतची पावलं तीनच.

दुसऱ्याच दिवशी दिवाणजींचा फोन आला. ‘कऱ’ टाइप केलं तर कऱ्हाड येत नव्हतं. यादीत तर ते डोळ्यांना दिसत होतं. गंमत अशी की नुसतं ‘कर’ टाइप केलं की कराडच्या शेजारी कऱ्हाडही यायचं. यादीतलं नाव आणि दिवाणजींच्या कीबोर्डवरचं नाव, दोन्हींची लांबी मोजली: एक सात, दुसरं सहा!

कारण आपला तो अर्धा ‘ऱ’. काही कीबोर्ड त्यासाठी `U+0931` हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त देतात. काही साधा र, हलन्त आणि पाठोपाठ न दिसणारं जोडचिन्ह `U+200D` घालतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण ट्रायमध्ये दुसऱ्याच पावलाला वाटा वेगळ्या होतात.

सगळं ‘ऱ’मध्ये बदलावं असं आधी वाटलं. पण दुसऱ्या पद्धतीनं टाइप करणारा माणूस ‘कर्’पर्यंत आला, की त्याचं अक्षर अजून ‘ऱ’ झालेलं नसतं, आणि ऐन मध्येच नाव गायब होतं. म्हणून उलटं केलं: वाट साध्या ‘र’ची ठेवली.

```python
key = name.replace("\u0931", "\u0930").replace("\u200d", "")
```

यादी भरताना आणि टाइप केलेलं शोधताना, दोन्ही वेळा हेच. शुद्ध रूपातलं नाव शेवटच्या खुणेपाशी ठेवलं, पडद्यावर तेच येतं.

याची एक किंमत मोजावी लागते. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे खोरी, हे दोन्ही शब्द आता एकाच खुणेपाशी पोचतात. त्यामुळं तिथं एका शब्दाची जागा पुरत नाही, छोटी यादी ठेवावी लागते. नाहीतर नंतर भरलेला शब्द आधीचा पुसून टाकतो. आणि कराड व कऱ्हाड हे एकच गाव, हे ट्रायला कळत नाही. त्या दोन्ही खुणांना गावाचा एकच क्रमांक मी हातानं दिला.