लेझरकडे परतणारा प्रकाश कसा अडवतात?

लेझरचा किरण भिंगावर किंवा फायबरच्या टोकावर पडला की त्यातला थोडा प्रकाश आल्या वाटेने परत फिरतो. तो लेझरमध्ये शिरला की तीव्रता वरखाली होऊ लागते. त्याला अडवायला वापरतात तो ऑप्टिकल आयसोलेटर मायकेल फॅरडे यांनी १८४५ साली शिशाच्या जड काचेत पाहिलेल्या परिणामावर चालतो: चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने पारदर्शक पदार्थातून जाताना प्रकाशाचे ध्रुवण प्रतल, म्हणजे त्याच्या लहरी ज्या प्रतलात कंप पावतात ते, फिरते.

किती फिरते? चुंबकीय क्षेत्र, पदार्थाची लांबी आणि त्या पदार्थाचा व्हर्डे स्थिरांक यांचा गुणाकार केला की कोन मिळतो. आयसोलेटरमध्ये बहुधा टर्बियम गॅलियम गार्नेटचा स्फटिक असतो. १०६४ नॅनोमीटरच्या लेझरसाठी त्याचा स्थिरांक (चिन्ह सोडून) सुमारे ४० रेडियन प्रति टेस्ला-मीटर आहे. म्हणजे १ टेस्ला क्षेत्रात ४५ अंश फिरवायला साधारण २० मिलिमीटरचा स्फटिक लागतो. ६३३ नॅनोमीटरला स्थिरांक सुमारे १३४ होतो, त्यामुळे ६ मिलिमीटरही पुरतात. एका तरंगलांबीचा आयसोलेटर दुसरीला चालत नाही, तो यामुळेच.

स्फटिकाच्या दोन्ही बाजूंना एकमेकांशी ४५ अंशांत बसवलेले ध्रुवक, म्हणजे एकाच प्रतलातला प्रकाश जाऊ देणारे घटक, असतात. जाताना प्रकाश पहिल्यातून निघतो, ४५ अंश फिरतो आणि दुसऱ्यातून सहज पार होतो. खरी गंमत परतीच्या वाटेवर आहे. साखरेच्या द्रावणातही प्रतल फिरते, पण प्रकाश उलटा आला की ते फिरणे पुसले जाते. इथे फिरण्याची दिशा क्षेत्रावर ठरते, प्रकाश कुठून येतो यावर नाही. म्हणून परतताना आणखी ४५ अंशांची भर पडते, एकूण ९० होतात आणि पहिला ध्रुवक प्रकाश अडवतो.

हा हिशेब तापमानामुळे बिघडतो. या स्फटिकाचा स्थिरांक केल्व्हिनमधल्या तापमानाच्या जवळपास व्यस्त प्रमाणात बदलतो. ३०० केल्व्हिनचे ३१० झाले की ४५ ऐवजी साधारण ४३.५ अंशच फिरते. दीड अंशाच्या या चुकीने परतीचा सुमारे ०.०७ टक्के प्रकाश गळतो. कमी वाटला, तरी संवेदनशील लेझरला तेवढाही त्रास देतो.

जुळवणी करताना म्हणूनच आयसोलेटर उलटा ठेवतात: बाहेर पडायच्या तोंडातून किरण आत सोडायचा, दुसऱ्या टोकाला पॉवर मीटर लावायचा आणि बाहेरच्या तोंडाचा ध्रुवक हळूहळू फिरवत वाचन शक्य तितके खाली आणायचे. वरच्या उदाहरणात तो ४६.५ अंशांवर येतो. मग सरळ जाणाऱ्या प्रकाशाचे प्रतल आणि ध्रुवक यांत ३ अंशांचा फरक पडतो, पण त्यात जेमतेम ०.२७ टक्के प्रकाश वाया जातो. हा सौदा परवडतो.

ध्रुवक कितीही फिरवला तरी गळती एका मर्यादेखाली जात नसेल, तर स्फटिकावर धारकाचा ताण आहे का, हे तपासावे. ताणामुळे प्रकाश किंचित लंबवर्तुळी ध्रुवित होतो आणि तो भाग कुठलाही ध्रुवक पूर्ण अडवू शकत नाही.