सुरसागराचा काठ आणि गिटारची तार

वडोदऱ्यात सुरसागराच्या बांधीव काठाशी वारा मंद असताना काही वेळ उभे राहिले, तर एक गोष्ट ध्यानात येते. मधल्या पाण्यावरून येणाऱ्या लाटा सरळ पुढे सरकताना दिसतात, पण भिंतीलगतच्या हातभर पट्ट्यात त्या सरकेनाशा होतात आणि पाणी जागच्या जागी वरखाली उसळू लागते. त्या पट्ट्यात एखादे वाळलेले पान तरंगत असेल, तर ते भिंतीला टेकलेले असताना नुसते वरखाली होते. तेच पान थोडे अलीकडे आले की वरखाली जवळजवळ होत नाही, मात्र पुढेमागे सरकत राहते. पाणी तेच, वारा तोच आणि पानही तेच असताना वीतभर अंतरात एवढा फरक का पडावा, याचे उत्तर गिटारच्या तारेतही सापडते.

आधी दोन लाटा एकमेकींना भेटतात तेव्हा काय होते ते पाहू. शांत पाण्यावर दोन ठिकाणी, एकाच लयीत, सेकंदाला सातेक वेळा बोटे टेकवत राहिलो, तर दोन्ही ठिकाणांहून साधारण चार सेंटीमीटर तरंगलांबीची, म्हणजे एका माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंत तेवढे अंतर असलेली, वर्तुळे पसरतात. आता पहिल्या बोटापासून तीस आणि दुसऱ्यापासून चौतीस सेंटीमीटरवर असलेला एक बिंदू घ्या. अंतरातला फरक बरोबर एका तरंगलांबीचा असल्यामुळे दोन्ही लाटांचे माथे तिथे एकदम पोहोचतात आणि पाणी जवळजवळ दुप्पट उचलले जाते. ज्या बिंदूची अंतरे तीस आणि बत्तीस सेंटीमीटर आहेत, तिथे मात्र एकीचा माथा येतो त्याच क्षणी दुसरीचा खळगा येतो आणि पाणी जवळपास स्तब्ध राहते. या घटनेला व्यतिकरण म्हणतात. ‘जवळपास’ म्हणण्याचे कारण असे की दूरवरून आलेली लाट थोडी अशक्त झालेली असते, त्यामुळे वजाबाकी पूर्ण शून्य होत नाही. लाटा एकमेकींना आपटून मोडतात असा समज पुष्कळांचा असतो, पण तसे काही होत नाही. भेटीच्या जागी त्यांच्या उंचीची फक्त बेरीज होते आणि नंतर दोघीही जणू काही घडलेच नाही अशा आपापल्या वाटेने निघून जातात. तळ्यात दोन दगड टाकून मात्र हे नीट दिसत नाही. दगडामुळे अनेक तरंगलांबींच्या लाटा एकदम उठतात, पाण्यावर त्यांचा वेग निरनिराळा असतो आणि आकृती स्थिरावण्याआधीच सगळे विस्कटते.

सुरसागराच्या काठाशी ही दुसरी लाट कुठून येते? ती भिंतीवरून परतलेली पहिलीच लाट असते. येणारी आणि परतणारी या दोन्ही लाटांची तरंगलांबी सारखी आणि दिशा उलट असल्यामुळे काही जागी बेरीज आणि काही जागी वजाबाकी सतत होत राहते, आणि या जागा हलत नाहीत. लाटेची तरंगलांबी वीस सेंटीमीटर असेल, तर भिंतीपाशी उसळी सर्वांत जास्त, पाच सेंटीमीटरवर ती जवळजवळ शून्य, दहावर पुन्हा जास्त आणि पंधरावर पुन्हा शून्य, असा क्रम लागतो. उसळीच्या जागेला प्रस्पंद आणि स्तब्ध जागेला निस्पंद म्हणतात, आणि या संपूर्ण रचनेला स्थायी तरंग. पान निस्पंदाशी आले की त्याची वरखाली होणारी हालचाल थांबते, पण खालचे पाणी दोन्ही बाजूंच्या उसळ्यांमध्ये आलटून पालटून ये-जा करत असल्याने पान आडवे सरकत राहते.

गिटारच्या तारेत परतण्याची तऱ्हा थोडी वेगळी असते. भिंतीशी पाणी मोकळेपणाने वर चढू शकते. तारेचे टोक मात्र घट्ट धरलेले असल्याने ते हलू शकत नाही. म्हणून तारेवरचा उंचवटा टोकाशी पोहोचला की तो उलटा, म्हणजे खळगा होऊन परततो, आणि टोकापाशी प्रस्पंद नव्हे तर निस्पंद पडतो. निस्पंद दर अर्ध्या तरंगलांबीवर येतात आणि दुसऱ्या टोकाशीही निस्पंदच हवा असतो, त्यामुळे पासष्ट सेंटीमीटरच्या तारेत अर्ध्या तरंगलांबीचे पूर्ण संख्येत तुकडे बसले पाहिजेत. तरंगलांबी १३०, ६५, ४३.३ किंवा ३२.५ सेंटीमीटर असे चालते, शंभर चालत नाही. गिटारच्या पाचव्या तारेचा मोकळा स्वर ११० हर्ट्झचा असतो. १३० सेंटीमीटरला ११० ने गुणले की तारेवरच्या लाटेचा वेग सेकंदाला १४३ मीटर निघतो. पाण्यासारखा तरंगलांबीगणिक वेग बदलत नसल्यामुळे पुढचे स्वर २२०, ३३०, ४४० असे नेमक्या पटीत येतात. (तार अगदी लवचीक नसते, तिच्यात थोडा ताठरपणा असतो, म्हणून वरचे स्वर किंचित चढे लागतात, तो फरक येथे बाजूला ठेवू.) तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून ऐकू येणारा गंधार हा याच पंक्तीतला पाचवा स्वर होय.

आता तार छेडली की यांतले कोणते स्वर निघतील, हे बोट कुठे लागते त्यावर ठरते, आणि मला या सगळ्या विषयात सर्वांत सुंदर वाटतो तो हाच भाग. ज्या जागी छेडावे, त्या जागी ज्याचा निस्पंद आहे तो स्वर उठतच नाही, हा नियम थॉमस यंग या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जातो. प्रकाशाचे व्यतिकरण दाखवणारा यंग तो हाच. शेजारच्यांची गिटार मागून आणून मी हे करून पाहिले. पाचवी तार ब्रिजजवळ, म्हणजे गिटारच्या पेटीवरच्या तिच्या टोकाजवळ, छेडली आणि लगेच दांडीवरच्या बाराव्या धातूच्या पट्टीच्या, म्हणजे फ्रेटच्या, बरोबर वर, म्हणजे तारेच्या मध्यावर, बोट हलकेच टेकवून उचलले. ११० चा स्वर विझला आणि त्याच्या आतून २२० चा घंटेसारखा बारीक स्वर मोकळा झाला. पहिल्याचा मध्यावर प्रस्पंद असतो, तो बोटाने दाबला जातो; दुसऱ्याचा तिथे निस्पंद असतो, त्यामुळे त्याला बोट जाणवतही नाही. येथे नेहमी होणारी चूक म्हणजे बोट दाबणे किंवा उचलायला उशीर करणे. तार फ्रेटला टेकली तर स्वर जवळजवळ तोच येतो, पण तो अर्ध्या तारेचा असतो आणि त्यातून काहीच सिद्ध होत नाही. खरा प्रयोग साधला की नाही याची खूण अशी की बोट उचलल्यावरही स्वर वाजत राहतो आणि तारेचे दोन्ही अर्धे भाग थरथरताना दिसतात.

नंतर तीच तार बरोबर मध्यावर छेडली आणि मध्यावरच बोट टेकवले. ‘ठप्’ असा आवाज होऊन तार जवळजवळ मुकी झाली. मध्यावर छेडल्याने २२०, ४४० हे सम क्रमांकाचे स्वर उठलेच नव्हते, आणि जे विषम क्रमांकाचे उठले होते त्या सर्वांचा प्रस्पंद बोटाखाली सापडला. पहिल्या दोन वेळा मात्र मला बारीकसा २२० ऐकू येत राहिला, तेव्हा नियमातच खोट आहे की काय अशी शंका आली. मोजपट्टी लावल्यावर कळले की मी मध्यापासून तीन सेंटीमीटर ब्रिजकडे छेडत होतो. तेवढ्या चुकीने दुसऱ्या स्वराला, तो सर्वांत जोरकस उठतो त्या पाव लांबीच्या जागी छेडल्यावर मिळणाऱ्या जोराच्या, चौथ्या हिश्श्याहून थोडा जास्तच जोर मिळतो, आणि शांत खोलीत तो कानाला पुरतो.