रंग ठरवण्याआधी नाइट लाइट बंद: चित्रकार आणि व्हिडिओवाल्या ग्राहकांसाठी

"माझ्या स्क्रीनवर तर बरोबर दिसतंय, मग प्रिंट निळी कशी आली?" आमच्या काउंटरवर हा प्रश्न इतक्यांदा येतो की आता तो कागदावर उतरवूनच द्यावा म्हटलं. वरच्या मजल्यावरच्या ग्रेडिंगच्या खोलीत तोच प्रश्न जरा वेगळ्या शब्दांत येतो: "रात्री चेहरे छान वाटत होते, सकाळी सगळे आजारी दिसतायत." शाई, कागद, मशीन बघून झाल्यावर बहुतेक वेळा कारण निघतं ग्राहकाच्या लॅपटॉपवर चालू राहिलेला नाइट लाइट. मॅकवर आणि आयपॅडवर त्याला नाइट शिफ्ट म्हणतात, काहीजण एफ-लक्स वापरतात. नावं वेगळी, उद्योग एकच.

हा फिल्टर स्क्रीनचा निळा प्रकाश बराच कमी करतो आणि हिरवा थोडा. साध्या स्क्रीनचा पांढरा रंग साधारण ६५०० केल्विनचा धरलेला असतो. फिल्टर तो पिवळ्या बल्बाच्या दिशेने ओढतो. तुमच्या फाइलला मात्र धक्काही लागत नाही. घोटाळा होतो तो पुढे. स्क्रीन पिवळी दिसते म्हणून तुम्ही चित्रात निळा वाढवता, आणि तो निळा फाइलमध्ये खरोखरचा जाऊन बसतो.

"पण मला कळलं नसतं का?" नाही कळत. वेळापत्रकावर ठेवलेला फिल्टर सूर्यास्ताला आपसूक चालू होतो, हळूहळू चढतो आणि डोळा बराचसा सरावतो. पूर्ण मात्र सरावत नाही, कारण खोलीत पांढरी ट्यूब चालू असते आणि शेजारच्या भिंतीपुढे स्क्रीन तांबूसच राहते. आपल्याकडे घरोघरी थंड पांढऱ्या प्रकाशाचेच दिवे, त्यामुळे हा त्रास जास्त. हात नकळत निळ्याकडे जातो.

एक उदाहरण सांगतो. १६ पानांचं मुलांचं चित्रपुस्तक आलं होतं, सगळं एकाच हातचं काम. पहिली ९ पानं उबदार, छान. दहाव्या पानापासून तीच मुलगी, तोच फ्रॉक, पण गाल जांभळट आणि कागदाचा रंग फिका निळा. आयड्रॉपर लावून बघितलं. नवव्या पानापर्यंत पार्श्वभूमी २५०, २४४, २३० अशी साय-रंगाची होती, दहाव्यावर ती २४४, २४४, २४६ झालेली. गाल २२४, १७२, १४० वरून २१४, १७०, १६२ वर गेलेले. मग फाइल्स शेवटच्या कधी सेव्ह केल्या त्या वेळा पाहिल्या. पहिली नऊ दुपारची, बाकीची रात्री आठनंतरची. डिसेंबरात पुण्यात सहाच्या सुमारासच सूर्य मावळतो, म्हणजे फिल्टर केव्हाच चढलेला होता. बाईंना पार्श्वभूमी "फार पिवळी" वाटली, त्यांनी ती दुरुस्त केली आणि मग तिच्याशी जुळवत बाकीचे रंगही हलवले. त्यांची नजर चुकली नव्हती, समोरचा पडदाच खोटं बोलत होता.

त्यांनी आम्हाला पुरावा म्हणून स्क्रीनशॉट पाठवला होता, तोही अगदी नेटका. इथे सगळेच फसतात. नाइट लाइट चित्र स्क्रीनकडे जाताना शेवटच्या टप्प्यावर लागतो, म्हणून तो स्क्रीनशॉटमध्ये सहसा उतरतच नाही. मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढूनही उपयोग नाही, कारण कॅमेरा स्वतःच पांढरा सावरून घेतो. खात्री करायची तर ट्यूबच्या उजेडात कोरा पांढरा कागद स्क्रीनला टेकवून धरा आणि शेजारी रिकामं पांढरं पान उघडा. स्क्रीन नारिंगी दिसली की समजा. विंडोजमध्ये बघायची जागा: Settings > System > Display > Night light.

काहीजण म्हणतात, तुम्हीच थोडा पिवळा टाकून द्या ना. हे आम्ही करत नाही, आणि ते आळसापायी नाही. त्या बाईंनी सगळं चित्र सारखंच निळं केलं नव्हतं, जिथे खटकलं तिथेच केलं. गालात २२ आकडे निळा वाढला होता, पार्श्वभूमीत १६, आणि फ्रॉकला त्यांनी हातच लावला नव्हता. वरून एकच पिवळा थर दिला की गाल सुधारेल आणि फ्रॉक मळका होईल. कुठला रंग मुद्दाम बदलला आणि कुठला चुकून, हे चित्र काढणाऱ्यालाच माहीत. म्हणून फाइल परत जाते आणि पुन्हा काढलेल्या प्रूफचे पैसे लागतात. ते ऐकून लोक रागावतात, पण कागद आणि शाई आमचीही जाते.

मग बंद कधी करायचा? रंग निवडायला किंवा जुळवायला बसलात की. पॅलेट ठरवणं, त्वचा, पांढरं आणि राखाडी, दोन पानं शेजारी ठेवून बघणं, प्रिंटआधीची शेवटची नजर, क्लायंटला दाखवणं, या सगळ्याला बंद. कच्चं रेखाटन, इंकिंग, अक्षरलेखन, व्हिडिओची काटछाट, आवाजाचं काम, बिलं, मेल, यांना खुशाल चालू ठेवा. आम्हीही रात्री हिशेब करताना ठेवतोच. बंद केल्यावर मात्र लगेच निर्णय घेऊ नका. सरावलेल्या डोळ्याला साधी स्क्रीनही काही वेळ निळीच वाटते, आणि त्या भरात लोक उलट्या दिशेला पिवळा टाकतात. दहा मिनिटं चहा घ्या, मग बसा. स्क्रीन कॅलिब्रेट करतानाही फिल्टर बंदच हवा, नाहीतर बिघडलेल्या रंगावरच प्रोफाइल तयार होतं.

व्हिडिओवाल्यांना एक सोय आहे, स्कोप. ते सिग्नलच मोजतात, त्यामुळे फिल्टरचा त्यांच्यावर काही परिणाम नाही. पांढऱ्या भिंतीच्या शॉटवर आरजीबी परेड उघडा. भिंतीवर साधा पांढरा उजेड असेल तर तिन्ही रंगांची वरची कड जवळपास एका उंचीला हवी. डोळ्याला भिंत छान आणि परेडमध्ये निळा वर, असं दिसलं की हात थांबवा आणि आधी सेटिंग बघा. व्हिडिओ आउटपुट कार्डावरून वेगळा ग्रेडिंग मॉनिटर जोडलेला असेल तर त्या चित्राला नाइट लाइट लागत नाही. लॅपटॉपच्या स्क्रीनवरच्या व्ह्यूअरला मात्र लागतो, आणि आपल्यातले बरेचजण तिथेच ग्रेड करतात.

आयपॅडवर आणि मॅकवर आणखी एक गोष्ट असते, ट्रू टोन. ती नाइट शिफ्टपेक्षा वेगळी. ती खोलीतल्या उजेडाप्रमाणे रंग सरकवते आणि दिवसाही चालू असते. रंगाच्या कामाला दोन्ही बंद. काही मॉनिटरच्या बटणांमध्येही लो ब्लू लाइट किंवा रीडरसारखा मोड लपलेला असतो. कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये तो दिसणारच नाही, मॉनिटरच्या मेनूतच शोधावा लागतो. आणि हो, तुमचा क्लायंट रात्री अकराला फोनवर बघून "जरा पिवळं वाटतंय" म्हणाला, तर आधी त्याला फोनमधला आय कम्फर्ट बंद करायला सांगा. मंजुरी सकाळी घेतलेली बरी.

मोठ्या कामाआधी आमच्याकडे हातभर लांबीची चाचणी पट्टी ८० रुपयांत काढून मिळते. त्वचा, पांढरं आणि तुमचे नेहमीचे चार-पाच रंग एकत्र करून पाठवा, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तयार असते. मोजणी-यंत्र घेऊन घरी येऊन स्क्रीनही लावून देतो, फक्त त्याची वेळ आधी ठरवावी लागते. ऑर्डरच्या फॉर्मवर "रंगाचं काम फिल्टर बंद ठेवून केलं आहे" अशी चौकट आहे. बहुतेक लोक न वाचताच तिथे खूण करतात. खूण करण्याआधी फाइल सेव्ह केल्याची वेळ बघून घ्या. रात्रीची असेल तर सकाळी एकदा उघडा, मगच पाठवा.