क्षारक संपादन आणि प्राइम संपादन

डीएनएचे दोन्ही धागे एकाच जागी न तोडता त्यातील ठरावीक अक्षर बदलण्याच्या दोन पद्धती. दोन्हींचा जन्म क्रिस्पर-कॅस-९ या कापणाऱ्या विकरातून झाला. प्रयोगशाळेतील बोलण्यात त्यांना सरसकट बेस एडिटिंग आणि प्राइम एडिटिंग म्हणतात. मराठी संदर्भग्रंथांत 'बेस'ला क्षारक हा शब्द रुळलेला असल्याने येथे तोच ठेवला आहे. 'प्राइम'ला मात्र मूळ, प्रथम, मुख्य यांपैकी कोणताही शब्द लावला तर भलताच अर्थ निघतो, म्हणून तो तसाच राहू दिला आहे. ही नोंद सातारा-सांगली भागातील पदव्युत्तर चर्चासत्रासाठी विस्तारली असून कॅस-९, मार्गदर्शक आरएनए व पॅम यांची ओळख गृहीत धरली आहे.

उगम

क्षारक संपादन प्रथम कोणी केले याबाबत दोन नावे पुढे येतात. अमेरिकेत डेव्हिड लिऊ यांच्या गटातील ॲलेक्सिस कोमोर व सहकाऱ्यांचा निबंध एप्रिल २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. जपानमधील कोबे येथील केइजी निशिदा व अकिहिको कोंदो यांचा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आला. पहिल्या गटाने उंदराचे नव्हे तर रॅटचे अपोबेक-१ हे अक्षर बदलणारे विकर वापरले, दुसऱ्याने समुद्री लँप्रे माशाचे. विकरांचे मूळच इतके वेगळे आहे की दोन्ही कामे स्वतंत्रपणे झाली असे मानणे सयुक्तिक ठरते. छपाईची तारीख पाहिली तर अग्रक्रम पहिल्या गटाकडे जातो आणि बहुतेक आढावे तसेच लिहितात. ही दोन्ही साधने सी या अक्षराचे टी करीत. ए चे जी करणारे साधन निकोल गॉडेली यांनी लिऊ यांच्याच प्रयोगशाळेत २०१७ मध्ये मांडले. त्यासाठी लागणारे, डीएनएवर काम करणारे विकर निसर्गात उपलब्ध नव्हते. जिवाणूतील टॅड-ए हे आरएनएवर काम करणारे विकर पिढ्यान्‌पिढ्या निवडीतून घडवून ते मिळवावे लागले. प्राइम संपादन ऑक्टोबर २०१९ मधले असून त्याच्या श्रेयाबद्दल (अँड्र्यू अँझालोन व लिऊ) असा वाद नाही.

छेद आणि चीर

कॅस-९ ला दोन कात्र्या असतात. एचएनएच ही कात्री मार्गदर्शक आरएनए ज्याला चिकटतो तो धागा कापते आणि आरयूव्हीसी दुसरा. दोन्ही चालल्या की पॅमपासून तीन अक्षरे अलीकडे दुहेरी छेद पडतो. तेथे पुढे काय लिहिले जाईल ते कॅस-९ ठरवत नाही, पेशीची दुरुस्ती यंत्रणा ठरवते. बहुतेक पेशी टोके घाईने जोडतात, त्यात एखाददुसरे अक्षर गळते किंवा शिरते. बाहेरून दिलेला नमुना पाहून दुरुस्ती करण्याचा मार्ग प्रामुख्याने विभाजनाच्या तयारीतील पेशींत खुला असतो. रक्ताच्या मूळपेशी बराच काळ स्वस्थ असतात, तिथे तो मार्ग अरुंदच.

नव्या दोन पद्धतींत एक कात्री मुद्दाम बोथट केलेली असते, पण दोन्हींत ती एकच नसते. चर्चासत्रात नेमकी येथे गफलत होते. क्षारक संपादकात आरयूव्हीसी बंद असते. त्यामुळे विकर ज्या धाग्यावरचे अक्षर बदलते त्याच्या समोरच्या धाग्यावर चीर पडते, आणि पेशी चीर पडलेला धागा सदोष समजून तो बदललेल्या अक्षराबरहुकूम पुन्हा लिहिते. प्राइम संपादकात एचएनएच बंद असते, म्हणून चीर पॅम असलेल्या धाग्यावर पडते. त्या चिरेचे मोकळे टोक हीच नव्या लेखनाची सुरुवात असते. लांबवलेला मार्गदर्शक आरएनए, म्हणजे पेगआरएनए, त्या टोकाला चिकटतो, आणि कॅस-९ ला जोडलेले उलट-प्रतिलेखन विकर त्या आरएनएवरचा मजकूर डीएनएत उतरवते.

एका अक्षराचे उदाहरण: सिकलसेल

महाराष्ट्रात सिकलसेल प्रामुख्याने विदर्भ व नंदुरबारकडे आढळतो, कृष्णाकाठी त्यामानाने कमी. तरी साधा छेद धरून तिन्ही पद्धती एकाच अक्षरावर पारखता येतात म्हणून हेच उदाहरण घेतले आहे. अकराव्या गुणसूत्रावरील बीटा-ग्लोबिन जनुकाच्या सहाव्या संकेतात जीएजी चे जीटीजी होते आणि ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते. सुरुवातीचे मेथिओनिन मोजले तर हाच संकेत सातवा ठरतो. जुन्या व नव्या लेखनात त्यामुळे फरक दिसतो, तो उत्परिवर्तनातला फरक नव्हे.

```
निरोगी  5' ACT CCT GAG GAG AAG 3'
सिकल   5' ACT CCT GTG GAG AAG 3'
समोर   3' TGA GGA CAC CTC TTC 5'
```

साधा छेद येथे पाडता येतो, कारण मधल्या टी पासून सुरू होणारे टीजीजी हे कॅस-९ ला हवे तसेच पॅम आहे. पण छेदानंतर नमुना उचलला न गेल्यास टोके वेडीवाकडी जुळतात आणि बीटा-ग्लोबिनच बनेनासे होते. पेशीतील दोन्ही प्रतींचे असे झाले तर सिकलसेल जाऊन थॅलसेमियासारखी स्थिती येते. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या कॅसजेव्ही या उपचारात म्हणूनच या अक्षराला हात लावलेला नाही. तेथे कॅस-९ बीसीएल११ए या जनुकाच्या, रक्तपेशींपुरत्या काम करणाऱ्या वर्धक भागावर छेद पाडते. त्या छेदाने काहीतरी बिघडणे एवढेच अपेक्षित असते, आणि बिघडवण्यात कॅस-९ चा हात धरणारे कोणी नाही. बिघाड झाला की गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागते.

क्षारक संपादनाने जीटीजी चे जीएजी करता येत नाही. सी चे टी आणि ए चे जी, तसेच समोरच्या धाग्यावरून पाहिले तर जी चे ए आणि टी चे सी, एवढेच चार बदल या नेहमीच्या साधनांच्या आवाक्यात आहेत. येथे टी चा ए हवा. म्हणून ग्रेगरी न्यूबी व सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये वळणाचा रस्ता घेतला. समोरच्या धाग्यावरील सीएसी मधल्या ए चे जी केले की मूळ धाग्यावर जीसीजी, म्हणजे ॲलानिन येते. असे हिमोग्लोबिन इंडोनेशियातील मकासर येथे आधीच सापडलेले असून ते निरुपद्रवी मानले जाते. यासाठी सीएसीसी हे अनवट पॅम ओळखणारे घडवलेले कॅस-९ लागले. कारण संपादनाची खिडकी, म्हणजे विकराच्या आवाक्यातला भाग, वीस अक्षरी लक्ष्यात साधारण चौथ्या ते आठव्या अक्षरापर्यंत असते, आणि या पॅमवरून मोजले तर हवा तो ए सातवा येतो. खिडकीच्या कडेला, नवव्या जागी, आणखी एक ए आहे. तोही बदलला तर सीसीटी चे सीसीसी होते, पण दोन्ही संकेत प्रोलिनचेच असल्याने प्रथिनात फरक पडत नाही. शेजारचे अक्षर विनाकारण बदलणे हा या पद्धतीचा नेहमीचा दोष आहे, इथे तो योगायोगाने निभावला. रुग्णांच्या मूळपेशींत सुमारे ८० टक्के प्रती बदलल्या आणि उंदरांत प्रत्यारोपणानंतर सोळा आठवड्यांनीही हे प्रमाण ६८ टक्के होते.

प्राइम संपादनाने मात्र मूळचे जीएजी परत लिहिता येते. चीर सीसीटी मधल्या पहिल्या सी नंतर पडते, आणि तेथून पुढचे चौथे अक्षर म्हणजे आपला टी. नव्या मजकुराची पट्टी तयार झाली की जुनी आणि नवी अशा दोन पट्ट्या एकाच जागेसाठी झगडतात. नवी बसली तरी समोरचा धागा जुनाच असतो, आणि बेजोड अक्षरे हेरणारी यंत्रणा बहुधा नवीच पट्टी खोडून काढते. समोरच्या धाग्यावर काही अंतरावर दुसरी चीर पाडली तर पारडे नव्या मजकुराकडे झुकते, पण दोन्ही चिरा एकाच वेळी उघड्या राहिल्यास पुन्हा दुहेरी छेदच होतो. २०२१ मध्ये याला पर्याय निघाला. एमएलएच-१ या प्रथिनाचे बिघडवलेले रूप सोबत देऊन ही खोडणारी यंत्रणा तात्पुरती गप्प करतात.

या जागेची आणखी एक गोम आहे. पॅममधले पहिले अक्षर कोणतेही चालते आणि दुरुस्त होणारे अक्षर नेमके तेच आहे. टीजीजी चे एजीजी झाले तरी पॅम शाबूत राहते आणि संपादक दुरुस्त प्रतीवरही पुन्हा चीर पाडू शकतो. जीएजी ऐवजी जीएए लिहिले तर ग्लुटामिक आम्ल तेच राहते आणि पॅम मोडते. शिवाय लागोपाठ दोन अक्षरे वेगळी असली की बेजोड हेरणारी यंत्रणाही सहसा कमी सापडते. केल्सी एव्हरेट व सहकाऱ्यांच्या २०२३ मधील कामात रुग्णांच्या मूळपेशींत १५ ते ४१ टक्के प्रती दुरुस्त झाल्या. क्षारक संपादनापेक्षा आकडा लहान, पण मिळालेले हिमोग्लोबिन मूळचे. प्रस्तुत संकलकाला हा सौदा वाईट वाटत नाही.

पडताळणी

सँगर क्रमवाचनाच्या आलेखात तिन्ही पद्धती नजरेने वेगळ्या ओळखू येतात. कॅस-९ च्या छेदापर्यंत शिखरे स्वच्छ असतात आणि पुढे एकमेकांवर चढून गिचमिड होते, कारण प्रत्येक पेशीत अक्षरे वेगळ्या संख्येने सरकलेली असतात. क्षारक संपादनात एकाच जागी दोन शिखरे दिसतात आणि पुढचा आलेख पुन्हा स्वच्छ होतो. प्राइम संपादनातही तसेच दिसावे. पुढे गिचमिड दिसली तर दुसऱ्या चिरेवर संशय घ्यावा.

या चाचणीला एक आंधळा कोपरा आहे. दोनतीनशे अक्षरांचा तुकडा पीसीआरने वाढवला आणि छेदामुळे हजारो अक्षरे गळून प्रायमरची जागाच गेली, तर ती प्रत वाढतच नाही. उरलेल्या प्रती पाहून काम उत्तम झाले असे वाटते. अशा मोठ्या गळतीकडे २०१८ मध्ये मायकेल कोसिकी यांनी लक्ष वेधले. बीटा-ग्लोबिनशेजारी त्याच्याशी फार मिळतेजुळते डेल्टा-ग्लोबिन असल्याने दोन्हीकडे छेद पडून मधला भाग गळण्याचा धोका येथे अधिक असतो. लांब वाचन किंवा प्रतींची थेट मोजणी केल्याशिवाय तो कळत नाही. क्षारक संपादकांचा छुपा दोष निराळा आहे. त्यांतील काही विकरे मार्गदर्शकाशिवायही इतरत्रचा डीएनए व आरएनए बदलतात, आणि मार्गदर्शकाशी जुळणाऱ्या जागा कितीही तपासल्या तरी ते सापडत नाही.

ऊस

या भागातील चर्चा शेवटी उसावर येतेच. फलटण तालुक्यातील पाडेगावच्या संशोधन केंद्रातून आलेला फुले २६५ असो की ८६०३२, उसात शंभराहून अधिक गुणसूत्रे असतात आणि एकेका जनुकाच्या अनेक प्रती. जनुक बंद पाडायचे असेल तर साधा छेद पुरतो. २०२१ मध्ये फ्लोरिडातील गटाने मॅग्नेशियम केलेटेज या जनुकाच्या ४९ प्रतींवर तो वापरला आणि पिवळी पडलेली पाने पाहून यश ओळखले. तणनाशक सहन करणाऱ्या जनुकासारखा प्रभावी बदल हवा असेल तर थोड्या प्रतींतील नेमके अक्षरही पुरू शकते, आणि तेथे क्षारक संपादनाला वाव आहे. अडचण पुढे येते. ऊस कांडीने लावतात, म्हणून भात-सोयाबीनप्रमाणे पुढच्या पिढीत संकर करून संपादकाचे जनुक काढून टाकता येत नाही. तसे केले तर वाणच बदलतो.