‘चालेल’ म्हणजे नेमके किती?

समजा, पुण्यातल्या एका घराला रंग काढायचा आहे. घर बहीण-भावाच्या सामाईक नावावर आहे, भाऊ न्यू जर्सीत राहतो आणि खर्चाचा निम्मा वाटा तो उचलणार आहे. रंगाऱ्याशी बोलणी बहीण करते, ती ध्वनिमुद्रित होतात आणि भावाच्या तिकडेच वाढलेल्या मुलाला हिशेब कळावा म्हणून त्यांचे इंग्रजी भाषांतर करायचे ठरते. संभाषणाचा महत्त्वाचा तुकडा एवढाच आहे :

“दादा, सोमवारपासून काम सुरू करा.”
“चालेल, ताई.”
“गणपतीच्या आधी संपायला हवं हं.”
“हो हो, होऊन जाईल.”
“निम्मे पैसे आत्ता, निम्मे काम झाल्यावर.”
“... ठीक आहे.”
“मग सोमवारी नऊला?”
“येतो.”

घाईतला भाषांतरकार याचे चार शब्दांत काम उरकतो : शुअर, शुअर, ओके, शुअर. न्यू जर्सीतल्या मुलाच्या हाती जो कागद पडतो त्यावर रंगाऱ्याने चारही गोष्टी सारख्याच ठामपणे कबूल केलेल्या दिसतात. प्रत्यक्षात त्याने शब्द दिला आहे तो एकाच गोष्टीचा, तो म्हणजे सोमवारी नऊला हजर राहण्याचा. बाकीच्या तीन उत्तरांत त्याने स्वतःला किती बांधून घेतले, हे त्या शब्दांच्या घडणीतच लिहिलेले आहे, आणि मराठी ऐकत वाढलेली बहीण ते न शिकवता ओळखते.

बोलणे हीसुद्धा एक कृती असते, ही कल्पना ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी 1955 साली हार्वर्ड विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानांत विस्ताराने मांडली. वचन देणे, पैज लावणे, कबूल करणे ही कामे वाक्य उच्चारल्यानेच घडतात, आणि त्यांतल्या एका गटाचे वैशिष्ट्य असे की बोलणारा पुढच्या वागण्यासाठी स्वतःला बांधून घेतो. असे बांधून घेतले आहे की नाही हे तपासण्यासाठी मात्र मनात डोकावण्याची गरज नसते. पॉल ग्राइस या दुसऱ्या तत्त्वज्ञाने सुचवलेली एक साधी कसोटी इथे कामी येते : वाक्याच्या शेपटाला त्याच्या उलट काही जोडून पाहावे आणि वाक्य मोडते का ते बघावे. “सोमवार मला चालेल, पण जमेलच असं नाही” हे वाक्य कानाला खटकत नाही. “सोमवारी नक्की येतो, पण येईनच असं नाही” हे मात्र ऐकताक्षणी हास्यास्पद वाटते. पहिल्यात येण्याचा अर्थ नुसता सुचवलेला होता, म्हणून तो मागे घेता आला. दुसऱ्यात तो शब्दांतच गुंफलेला होता.

‘चालेल’ इतके सैल का, याचे उत्तर व्याकरणात आहे. “मला सोमवार चालेल” या वाक्याचा कर्ता सोमवार आहे. क्रियापद त्याच्याशी जुळते, तृतीय पुरुषात राहते, आणि ‘मी’ चतुर्थीत जाऊन ‘मला’ होतो. चालायचे आहे ते सोमवाराला. मी फक्त त्याच्या वाटेत आडवा येणार नाही, एवढेच मी सांगितलेले असते. “साखर नसली तरी चालेल”, “उशीर झाला तरी चालेल” अशा वाक्यांत हीच सोशिक वृत्ती उघड दिसते. म्हणजे ‘चालेल’चा गाभा ‘माझी हरकत नाही’ हा आहे, ‘मी करीन’ हा नाही. हा शब्द कोमट आहे हे बोलणाऱ्यांनाही चांगले ठाऊक असते. “चहा चालेल का?” या प्रश्नावर “चालेल काय, पळेल!” हे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. कोणी ते विनोद म्हणून हसण्यावारी नेईल, पण मला त्यात भाषेने स्वतःच मांडलेली मोजपट्टी दिसते : चालण्याच्या वरची पायरी पळण्याची.

तरीही ‘चालेल’चे वजन सगळीकडे सारखे नसते, कारण ते कोणत्या प्रश्नाला उत्तर म्हणून आले यावर ते अवलंबून असते. बहिणीने “मी चावी शेजारी ठेवून गेले तर चालेल?” असे विचारले असते, तर कृती तिची होती आणि रंगाऱ्याचे ‘चालेल’ ही पूर्ण, निःसंदिग्ध परवानगी ठरली असती, त्यात कमी-जास्त काही उरलेच नसते. “सोमवारपासून काम सुरू करा” या वाक्यात मात्र कृती रंगाऱ्याची आहे. ज्याने करायचे त्यानेच ‘चालेल’ म्हटले की अर्थात फट राहते. म्हणून भाषांतरकाराने आधी विचारायचा प्रश्न असा, की या उत्तरानंतर उठून काम कोणी करायचे आहे.

‘होऊन जाईल’ हे तर त्याहून चतुर आहे. त्यात करणाराच नाहीसा झाला आहे. काम आपोआप पार पडणारी एखादी गोष्ट असावी, तसे ‘जाणे’ हे सहायक क्रियापद त्याला पुढे ढकलून देते. आधीचे दुहेरी ‘हो हो’ ऐकून आश्वासन मिळाल्यासारखे वाटते खरे, पण गणपती दारात येऊनही भिंती ओल्याच असल्या तर बहिणीला “तुम्ही संपवून देतो म्हणाला होतात” असे म्हणता येणार नाही, कारण तो तसे म्हणालाच नव्हता. तक्रार करताना समोरच्याचे कोणते शब्द जसेच्या तसे परत करता येतात, ही दुसरी कसोटी पहिलीइतकीच भरवशाची आहे.

आता ‘ठीक आहे’. बोलताना त्याचे ‘ठीके’ होते आणि त्यात भविष्यकाळ नाही, प्रथम पुरुषही नाही. आहे ती परिस्थितीवर मारलेली एक टिचकी. जेवण कसे होते असे विचारल्यावर ‘ठीक आहे’ हे उत्तर आले, तर स्वयंपाक करणाऱ्याला जे कळायचे ते कळते. फोन ठेवताना “ठीक आहे मग” म्हणतात तेव्हा ती संमती नसून संभाषण संपल्याची खूण असते. आणि “या महिन्याचा पगार पुढच्या आठवड्यात होईल” यावर कामगार जे ‘ठीक आहे’ म्हणतो, त्याचा अर्थ बहुधा ‘ऐकले’ इतकाच असतो. संभाषणाचा अभ्यास करणारे म्हणून तीन पायऱ्या वेगळ्या धरतात : ऐकून समजल्याची पोच, प्रस्तावाला मान्यता आणि स्वतः काही करण्याची बांधिलकी. ‘ठीक आहे’ पहिल्या दोन पायऱ्यांवर ये-जा करते आणि तिसरीवर क्वचितच चढते.

ही ये-जा किती महाग पडू शकते, हे कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातल्या एका खटल्याने दाखवून दिले. 2021 साली एका धान्यखरेदी कंपनीने एका शेतकऱ्याला जवसाच्या खरेदीचा करार फोनवर छायाचित्र काढून पाठवला आणि तो कबूल असल्याचे कळवा, असे लिहिले. शेतकऱ्याने उत्तरादाखल उंचावलेल्या अंगठ्याचे चित्र पाठवले. पुढे भाव चढला आणि जवस काही पोहोचले नाहीत. शेतकऱ्याचे म्हणणे होते की अंगठा ही करार मिळाल्याची पोच होती, संमती नव्हती. न्यायालयाने 2023 साली ते अमान्य केले आणि त्याला 82 हजारांहून अधिक कॅनेडियन डॉलर भरपाई द्यायला लावली. निकालात वजन पडले ते दोघांच्या जुन्या व्यवहारांचे : आधीच्या करारांना त्याने ‘ओके’, ‘यप’, ‘लुक्स गुड’ अशी त्रोटक उत्तरे दिली होती आणि माल वेळेवर पोहोचवला होता. म्हणजे त्या दोन माणसांपुरता त्या शब्दांचा भाव आधीच ठरला होता. भाषांतरकाराला नेमका हा इतिहास दिसत नसतो, त्याच्यासमोर फक्त शब्द असतात.

आपल्या संभाषणातल्या ‘ठीक आहे’च्या आधी तीन टिंबे आहेत, आणि खरी बातमी त्या टिंबांत आहे. जगातल्या 10 भाषांतल्या प्रश्नोत्तरांचा एक तुलनात्मक अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचा काळ बहुतेक ठिकाणी सेकंदाच्या एक-चतुर्थांशापेक्षाही कमी भरला, आणि सगळ्या भाषांत प्रश्नाला दुजोरा देणारे उत्तर तो नाकारणाऱ्या उत्तरापेक्षा लवकर आले. त्या 10 भाषांत मराठी नव्हती, परंतु पैशाच्या गोष्टीवर सेकंदभर थांबून आलेले ‘ठीक आहे’ कुरकुरीचे असते हे ओळखायला आपल्याला घड्याळ लागत नाही. ध्वनिमुद्रण कागदावर उतरवणारा मात्र बहुतेक वेळा हा विराम गाळतो, कारण त्याला तो शब्द वाटत नाही. संशोधक विराम सेकंदाच्या दशांशापर्यंत मोजून कंसात लिहितात. घरगुती कामात तेवढे नको, पण तीन टिंबे तरी राखावीत.

उरला ‘शुअर’. शब्दकोशात त्याच्यासमोर ‘नक्की’ असते आणि इथेच दोन्ही बाजूंनी फसगत होते. मुळात हा लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेला, ‘निश्चिंत’ या अर्थाचा शब्द, आपण मराठी बोलताना “शुअर ना?” विचारतो तेव्हा तो जुना, खात्रीचा अर्थच वापरतो. पण इंग्रजीत चहा घेणार का, या प्रश्नावर जे ‘शुअर’ येते त्यात खात्रीचा अंशही उरलेला नसतो. त्याचे ‘नक्की’ केले तर पाहुणा चहासाठी आसुसल्यासारखा वाटेल; तिथे ‘चालेल’ किंवा ‘हो, घेईन’ हेच बरोबर. उलट मराठीतल्या ‘नक्की’चे ‘शुअर’ केले तर एखाद्याने छातीवर हात ठेवून दिलेला शब्द पार पातळ होऊन जातो. भरीला इंग्रजी ‘शुअर’ विनंतीनंतर आले की ते ‘करतो’च्या जवळ जाते, म्हणजे रंगाऱ्याच्या ‘चालेल’ला त्याने न दिलेले वचन चिकटते.

इलाज शब्दाला शब्द शोधण्यात नाही, वाक्याचा कर्ता राखण्यात आहे. ‘चालेल’साठी ‘दॅट वर्क्स फॉर मी’ हे जवळचे, कारण तिथेही कर्ता प्रस्तावच राहतो. ‘होऊन जाईल’ला ‘इट विल गेट डन’, कारण करणारा तिथेही लपतो. ‘ठीक आहे’ला विरामासकट ‘ओके’. आणि ‘येतो’ला मात्र ‘आय विल बी देअर’, कारण चार उत्तरांत प्रथम पुरुष फक्त तिथे आहे. ‘येईन’ म्हटले असते तर त्यात इच्छेचा रंग आला असता आणि पुढे ‘जमलं तर’ सहज चिकटले असते. वर्तमानकाळी ‘येतो’ला ते तितक्या सहज चिकटत नाही. अर्थात हाच ‘येतो’ दारातून निघताना उच्चारला की तो निरोप होतो आणि त्याने कोणीच बांधले जात नाही.

बांधील झालेला माणूस येतोच असे नाही, हे रंगकाम करून घेतलेल्या कोणालाही सांगायला नको. आपल्या संभाषणातल्या बहिणीला ते ठाऊक असावे, कारण ध्वनिमुद्रणात पुढे, पावले दाराकडे वळल्यानंतर, तिचा आवाज पुन्हा ऐकू येतो : “दादा, गणपतीच्या आधी काम संपवून देताय ना?” मग तीन टिंबांइतकाच विराम आहे, आणि त्यानंतर : “देतो, ताई. देतो संपवून.”