मर्यादा हजाराची, बिल साडेसहा हजारांचं

देवगडला माझ्या मामेभावाची हापूसची बाग आहे. पेट्यांची ऑर्डर थेट घेता यावी म्हणून मी त्याला एक छोटी वेबसाइट करून दिली आणि तिच्यावर बागेचा 40 एमबीचा व्हिडिओ टाकला. व्हिडिओ एका क्लाउड कंपनीच्या स्टोरेजमध्ये होता, वापराल तेवढे पैसे या योजनेत. खर्च महिन्याला शंभर रुपयेही होत नसे. तरी मी बजेट लावलं 1,000 रुपयांचं, आणि 50, 90 व 100 टक्क्यांना ईमेल यावी अशी सोय केली. आता काळजी नाही, असं मी त्याला सांगितलंही.

एप्रिलमध्ये एका रात्री 10 वाजता कुणाच्या तरी सर्व्हरवरचा प्रोग्राम तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा उतरवून घेऊ लागला. हे मला नंतर लॉगमध्ये दिसलं. वेग होता सेकंदाला 100 मेगाबिट, म्हणजे साधारण 12.5 एमबी. दर तीन-साडेतीन सेकंदांना एक व्हिडिओ, तासाला 45 जीबी. मुंबईच्या डेटा सेंटरमधून बाहेर जाणाऱ्या डेटाचा दर जीबीला 10 रुपयांच्या आसपास असतो. म्हणजे तासाला 450 रुपये. महिन्याचा फुकटचा कोटा आधीच संपला होता, त्यामुळे रात्री सव्वाबाराच्या सुमारास हजार रुपये ओलांडले गेले.

ईमेल आली सकाळी 10 वाजून 20 मिनिटांनी. एक नव्हे, तिन्ही एकदम: पन्नास टक्के, नव्वद टक्के, शंभर टक्के. त्यात खर्चाचा आकडा होता 1,950 रुपये. साडेदहाला मी फाइल बंद केली तोवर साडेबारा तासांत सुमारे 562 जीबी बाहेर गेले होते. त्याचे 5,600 रुपये, वर 18 टक्के जीएसटी. फाइल बंद केल्यावरही दिवसभर खात्यातला आकडा वाढतच राहिला. कुणी अजून डाउनलोड करतंय की काय, या भीतीने मी तीनदा तपासलं. करत कुणीच नव्हतं, मागचा हिशेब येऊन पोचत होता.

भाऊ मालवणीत म्हणाला, "टाकी भरल्यार भोंगो वाजता, पण पंप कोण बंद करतलो?" बजेटची सूचना म्हणजे नेमकं हेच. तिला पंपाची वायर जोडलेलीच नसते. शिवाय हा भोंगा आठ-दहा तास उशिरा वाजतो, आणि हा उशीर मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

उशीर का होतो? व्हिडिओ पाठवणारा सर्व्हर रुपये मोजत नाही, बाइट मोजतो. ते आकडे थोड्या थोड्या वेळाने एकत्र होतात, मग कुठल्या खात्याचे ते ठरतं, मग फुकटचा कोटा, टप्प्याटप्प्याचे दर, सवलती लागून त्यांचे रुपये होतात. बजेटची तपासणी होते ती या शेवटच्या, रुपयांच्या आकड्यावर. अमेझॉनच्या एडब्ल्यूएसमध्ये बजेटची माहिती दिवसातून जास्तीत जास्त तीनदा ताजी होते, आधीच्या वेळेनंतर साधारण 8 ते 12 तासांनी. मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझ्युअरमध्ये बजेट 24 तासांतून एकदा तपासलं जातं. गुगल क्लाउड स्पष्ट लिहितं की बजेट लावल्याने वापर किंवा खर्च आपोआप थांबत नाही. म्हणून तिन्ही ईमेल एकदम आल्या की समजावं, खर्च हिशेबाच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये उसळला आहे आणि ईमेलमधला आकडा काही तासांपूर्वीचा आहे. माझ्या बाबतीत तो रात्री दोन-सव्वादोनचा होता. महिनाभर हळूहळू वाढणारा खर्च मात्र या सूचना चांगल्या पकडतात. एखादं मशीन चालू राहून गेलं आणि रोज शंभर रुपये जाऊ लागले, तर आठ तासांचा उशीर कुणाला जाणवणार नाही.

काही ठिकाणी भोंग्याला पंप जोडताही येतो. एडब्ल्यूएसमध्ये बजेट ओलांडल्यावर ईसीटू मशीन किंवा आरडीएस डेटाबेस थांबवण्याची, अथवा आपल्या वापरकर्त्यांचे अधिकार काढून घेण्याची कृती लावता येते. आमच्या व्हिडिओसाठी याचा काहीच उपयोग नसता. उतरवणारा आमच्या खात्याचा वापरकर्ता नव्हताच, फाइल सर्वांना खुली होती. आणि थांबवलेल्या मशीनच्या डिस्कचं भाडं चालूच राहतं. थांबवलेला आरडीएस डेटाबेस तर सात दिवसांनी आपोआप पुन्हा सुरू होतो.

गुगलमध्ये बजेटचा संदेश एका छोट्या प्रोग्रामकडे पाठवून त्याच्याकडून प्रोजेक्टचं बिलिंग तोडून घेता येतं. हाताने करायचं तर आज्ञा अशी:

```
gcloud billing projects unlink PROJECT_ID
```

हा खरा खटका आहे, पण तो घराचं मेन स्विच पाडतो. प्रोजेक्टमधल्या फुकट सेवांसकट सगळं बंद होतं आणि काही गोष्टी कायमच्या पुसल्याही जाऊ शकतात. संदेश उशिरा येतो ही अडचण तशीच राहते ती वेगळी.

कंपन्या खर्चाला सरळ पक्की मर्यादा का घालत नाहीत, याचं एक कारण मला इथे दिसतं. साठवलेल्या डेटाचं भाडं तासागणिक चढत असतं. हजार रुपयांवर एक पैसाही वाढू द्यायचा नसेल तर डेटा पुसावा लागेल. ऐन हंगामात ऑर्डरींची यादी पुसली जाण्यापेक्षा भावाने साडेसहा हजार भरणंच पत्करलं असतं. पण बाहेर जाणारा डेटा थांबवायला काही पुसावं लागत नाही. तेवढा पर्याय सर्वांना सोप्या बटणात मिळायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं. पक्की मर्यादा असलेल्या योजना आहेत, पण त्या सुरुवातीच्या पायरीवर. अ‍ॅझ्युअरच्या फुकट खात्याला खर्चमर्यादा असते, वापरानुसार पैसे भरण्याच्या योजनेत ती मिळत नाही. गुगलच्या फायरबेस या अ‍ॅप बनवणाऱ्यांसाठीच्या सेवेच्या फुकट स्पार्क योजनेत कोटा संपला की ती सेवा थांबते, ब्लेझ योजनेत बिल सुरू होतं.

मग अशी उसळी पकडायची कुठे? रुपयांत रूपांतर होण्याआधी, बाइट आणि विनंत्या मोजल्या जातात तिथे. तो आकडा मिनिटांत हाती येतो. एडब्ल्यूएसच्या एसथ्री स्टोरेजमध्ये `BytesDownloaded` हे मोजमाप चालू करता येतं (ते आपोआप चालू नसतं आणि त्याला थोडे पैसे पडतात) आणि ते मिनिटामिनिटाला नोंदवलं जातं. त्यावर तासाला 2 जीबीचा इशारा लावला, तर आमच्यासारखा प्रकार तीन मिनिटांत हद्द ओलांडतो आणि आणखी काही मिनिटांत इशारा वाजतो. तोवर खर्च पन्नास-शंभर रुपयांच्या पुढे जात नाही. तोच इशारा एका प्रोग्रामला जोडून फाइलचा सार्वजनिक प्रवेश बंद करता येतो. साइट राहते, फक्त व्हिडिओ दिसेनासा होतो. नकाशासारख्या सेवांत रोजच्या विनंत्यांचा कोटा खाली आणता येतो, आपोआप वाढणाऱ्या सर्व्हरना जास्तीत जास्त किती हे बांधून देता येतं. या मर्यादा वापराच्या दारातच लागतात, त्यांना हिशेबाची वाट पाहावी लागत नाही. त्या रुपयांत नसतात, म्हणून गुणाकार आपणच करायचा: तासाला 2 जीबी म्हणजे 20 रुपये, दिवसाला 480.

आम्ही व्हिडिओ स्टोरेजमधून काढून फुकट व्हिडिओ साइटवर ठेवला. फोटोंच्या फोल्डरला तासाला 2 जीबीचा इशारा लावला आणि प्रवेश बंद करणारा प्रोग्राम जोडला. मग भावाच्या बागेतूनच मोबाइलवरून फोटो पुन्हा पुन्हा उतरवून पाहिले. तिथल्या रेंजने 2 जीबी व्हायला तास पुरेना, म्हणून चाचणीपुरती हद्द 50 एमबीवर आणली. चौथ्या मिनिटाला फोटो दिसेनासे झाले.